दावा केला तर बोनस जातो का?

सांगलीहून एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्यांच्या अडुसष्ट वर्षांच्या सासूबाईंना डेंग्यू झाला, प्लेटलेट्स घसरल्या आणि दोन रात्री रुग्णालयात काढाव्या लागल्या. आता त्या घरी आल्या आहेत, पथ्यपाणी सुरू आहे आणि चेहऱ्यावर हळूहळू तेज परतते आहे. रुग्णालयाचे देयक १८,४०० रुपयांचे झाले. ते मुलाने स्वतःच्या खिशातून भरले. दाखल केले त्याच संध्याकाळी त्याने विमा कंपनीला दूरध्वनीवरून सूचनाही दिली होती. मात्र पुढचे कागद पाठवायची वेळ आली, तेव्हा घरात वाद सुरू झाला. शेजारच्या गृहस्थांनी सल्ला दिला, "एवढ्याशा रकमेसाठी क्लेम करू नका. पाच वर्षांचा बोनस साठला आहे, तो सगळा जाईल. शिवाय पुढच्या वर्षी प्रीमियमही वाढवून लावतील." घरी सोडल्याला बारा दिवस झाले आहेत. काय करावे, असा भगिनींचा प्रश्न आहे. त्यांनी पॉलिसीच्या पहिल्या पानाचे छायाचित्र जोडले आहे, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले.

पॉलिसी 'आरोग्य संजीवनी' आहे. पती, पत्नी, मुलगा आणि सासूबाई अशा चौघांसाठी मिळून एकच फ्लोटर पॉलिसी आहे. मूळ विमा रक्कम ४ लाख रुपये आणि तिच्याखाली 'संचयी बोनस १ लाख रुपये' अशी नोंद. ही पॉलिसी उदाहरणासाठी फारच सोयीची. विमा नियामक प्राधिकरणाने १ एप्रिल २०२० पासून सर्व सर्वसाधारण आणि आरोग्य विमा कंपन्यांना ती विकणे बंधनकारक केले, आणि तिच्या अटींचा मजकूर सगळीकडे एकसारखा ठेवला. प्रीमियम मात्र प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो. त्यामुळे बोनसचा नियम सांगताना 'कोणत्या कंपनीची' हे विचारावे लागत नाही.

आधी या बोनसचे स्वरूप नीट पाहू. बोनस म्हटले की आपल्याला दिवाळीचे पाकीट आठवते, हातात पडणारे पैसे आठवतात. विम्यातला हा बोनस तसा नव्हे. तो काढून घेता येत नाही, त्यावर व्याज मिळत नाही, पॉलिसी बंद केली तर तो परतही मिळत नाही. नियामकाच्या व्याख्येचा आशय एवढाच आहे की, प्रीमियममध्ये त्यासाठी वाढ न करता विमा रकमेत जी भर घातली जाते, ती म्हणजे संचयी बोनस. तात्पर्य, ही कंपनीने आपल्या बाजूने वाढवलेली मर्यादा आहे. मोठे आजारपण आले आणि देयक मूळ रकमेच्या वर गेले, तरच ती मर्यादा कामाला येते. एरवी ती कागदावर शांतपणे बसून असते.

आरोग्य संजीवनीत दावा न केलेल्या प्रत्येक वर्षामागे मूळ विमा रकमेच्या ५ टक्के भर पडते आणि ही भर ५० टक्क्यांपर्यंत पोहोचली की थांबते. सांगलीच्या या कुटुंबाचे ४ लाखांचे ५ टक्के म्हणजे २० हजार. पाच वर्षे कोणी रुग्णालयात गेले नाही, म्हणून पाच वेळा २० हजार मिळून १ लाख झाले. येथे चक्रवाढ नाही, हे ध्यानात ठेवावे. दुसऱ्या वर्षीचे ५ टक्के ४ लाख २० हजारांवर मोजत नाहीत, ते ४ लाखांवरच मोजतात. आज या कुटुंबाच्या पाठीशी ४ नव्हे, ५ लाखांचे संरक्षण आहे आणि प्रीमियम ते ४ लाखांचाच भरत आहेत.

"पण आमचा प्रीमियम तर वाढला!" असे कोणी म्हणेल. तो वाढतो, हे खरे. वय एका टप्प्यातून पुढच्या टप्प्यात गेले की वाढतो, आणि उपचार महागले म्हणून कंपनीने सर्वांचेच दर बदलले तरीही वाढतो. फ्लोटरमध्ये घरातील ज्येष्ठ व्यक्तीच्या वयाचा भार बहुधा सर्वाधिक असतो. बोनसमुळे मात्र तो वाढत नाही. पत्रातली दुसरी भीतीही येथेच दूर करतो. तुम्ही दावा केला म्हणून केवळ तुमचाच प्रीमियम नूतनीकरणाच्या वेळी वाढवायला आरोग्य विम्यात मुभा नाही. दर वाढायचाच असेल तर तो त्या पॉलिसीच्या सर्वच ग्राहकांसाठी वाढतो. डेंग्यूचा दावा केला म्हणून पुढच्या वर्षी सांगलीच्या या घराला वेगळा, चढा आकडा येणार नाही.

राहिला प्रश्न बोनस 'सगळा जाण्याचा'. शेजाऱ्यांचा हा समज कोठून आला असावा, याचा मला अंदाज आहे. तो वाहन विम्यातून आला आहे. मोटारीच्या विम्यातही 'नो क्लेम बोनस' असतो, पण त्याची रीत निराळी. तेथे विमा रक्कम वाढत नाही, तर स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीसाठीच्या प्रीमियममध्ये सूट मिळते. पहिल्या वर्षानंतर २० टक्के आणि चढत चढत पाच वर्षांनंतर ५० टक्के. आणि एक दावा केला की ती सूट पुन्हा शून्यावर येते. म्हणूनच दरवाजाला पडलेल्या ओरखड्यासाठी शहाणा माणूस दावा करत नाही. एकच नाव दोन ठिकाणी वापरले गेल्यामुळे लोक मोटारीचा नियम माणसांना लावतात आणि घाबरतात.

आरोग्य संजीवनीतील नियम असा, की दावा झाला तर बोनस ज्या गतीने चढला त्याच गतीने उतरतो. म्हणजे एका वर्षात ५ टक्के चढला होता, तर दावा झालेल्या वर्षानंतर ५ टक्केच उतरेल. पाच पायऱ्या चढून गेलेला माणूस एक पायरी खाली येतो, तळमजल्यावर कोसळत नाही. शिवाय उतरतो तो केवळ बोनस, मूळ ४ लाखांना हात लागत नाही. आणि उतरतो तोही पुढच्या नूतनीकरणाला, चालू वर्षात नव्हे. म्हणजे डेंग्यूचा दावा केल्यानंतर, देव न करो, याच वर्षात घरात दुसरे कोणी आजारी पडले, तर ५ लाखांतून डेंग्यूची रक्कम वजा जाता उरलेले सर्व संरक्षण हाताशी असेल.

आता आकडे मांडू. १८,४०० रुपयांतून हातमोजे, नोंदणी शुल्क अशा न मिळणाऱ्या बाबी वगळून समजा १७,००० रुपये मान्य झाले. या पॉलिसीत प्रत्येक दाव्याचा ५ टक्के भाग ग्राहकाने सोसायचा असतो. तो ८५० रुपये. हाती येतील १६,१५० रुपये. दावा केला तर सातव्या वर्षी बोनस २५ वरून २० टक्क्यांवर येईल, म्हणजे ८० हजार, आणि एकूण संरक्षण ४ लाख ८० हजार. दावा केला नाही तर बोनस २५ वरून ३० टक्क्यांवर जाईल, म्हणजे १ लाख २० हजार, आणि एकूण संरक्षण ५ लाख २० हजार. दोन वाटांमधले अंतर ४० हजारांचे आहे. येथे पुष्कळांची चूक होते. ते गेलेले २० हजार मोजतात आणि न मिळालेले २० हजार विसरतात. दाव्याची किंमत एका पायरीची नसून दोन पायऱ्यांची असते.

हे अंतर लगेच भरूनही निघत नाही. पुढे कोणाचाच दावा झाला नाही असे धरले, तर पहिली वाट अकराव्या वर्षी ५० टक्क्यांच्या छताला लागेल. दुसरी वाट त्या वर्षी ४० टक्क्यांवर असेल, बाराव्या वर्षी ४५ वर येईल आणि तेराव्या वर्षी तीही छताला लागून दोन्ही वाटा एकत्र येतील. म्हणजे सहा वर्षे या घराला काहीसे कमी संरक्षण मिळेल. पाच वर्षे ४० हजारांनी कमी आणि एक वर्ष २० हजारांनी कमी.

मग दावा करावा की नाही? तराजूच्या एका पारड्यात १६,१५० रुपये आहेत, खात्रीचे आणि रोख. दुसऱ्या पारड्यात ४० हजार आहेत, पण ते रुपये नाहीत, ती मर्यादा आहे. तिचा उपयोग केव्हा होईल? या सहा वर्षांपैकी एखाद्या वर्षी घरातल्यांच्या उपचारांचा मान्य खर्च मिळून ४ लाख ८० हजारांच्या पलीकडे गेला, तर आणि तरच. साडेचार लाखांचे आजारपण आले तर दोन्ही वाटांवर सारखेच पैसे मिळतील. तसा मोठा खर्च येणारच नाही, असे मी म्हणत नाही. सासूबाईंचे वय पाहता ती शक्यता गृहीतच धरायला हवी. परंतु त्या शक्यतेवरचा उपाय ४० हजारांची मर्यादा जपणे हा नव्हे. त्यासाठी मूळ विमा रक्कमच अपुरी आहे काय, हे पाहायला हवे. माझे मत स्पष्ट आहे. या कुटुंबाने दावा करावा.

हेच देयक तीन-साडेतीन हजारांचे असते, तर मी उलट सांगितले असते. तेवढ्या रकमेसाठी दोन पायऱ्या सोडू नयेत. नेमकी सीमारेषा कोठे आखायची हे घराघरावर अवलंबून आहे. ज्या घराला पंधरा हजार जड जातात, त्याने बोनसच्या मोहापायी कर्ज काढू नये. ज्याला ते सहज पेलतात आणि ज्याची मूळ विमा रक्कम लहान आहे, त्याने थोडे थांबून विचार करावा. ५० टक्क्यांच्या छताला पोहोचलेल्यांसाठी तर दाव्याची किंमत आणखी कमी होते. दावा केला तर बोनस ४५ टक्क्यांवर येईल आणि पुढचे वर्ष निरोगी गेले की पुन्हा ५० वर जाईल. दावा केला नसता तरी तो ५० च्या वर जाणारच नव्हता. अशा वेळी एकच पायरी आणि तीही एकाच वर्षापुरती गमवावी लागते.

मला अधिक काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. बोनस जाईल म्हणून लोक केवळ दावा टाळत नाहीत, कधी कधी रुग्णालयात दाखल होणेच टाळतात. "आज घरीच सलाईन लावून पाहू" असे म्हणताना मनात कोठेतरी हा हिशेब असतो. डेंग्यूत ताप उतरल्यानंतरचे एक-दोन दिवसच अधिक जोखमीचे असतात. पोटात तीव्र दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त येणे, कमालीची सुस्ती ही लक्षणे दिसली की दाखल व्हावेच लागते. दाखल होण्याचा निर्णय डॉक्टरांचा आणि दावा करण्याचा निर्णय आपला. पहिला आधी घ्यायचा, दुसरा नंतर शांतपणे.

शांतपणे म्हणजे आरामात मात्र नव्हे. आरोग्य संजीवनीत पैसे परत मिळवण्यासाठीचे कागद घरी सोडल्यापासून ३० दिवसांच्या आत पाठवायचे असतात. आपले बारा दिवस गेले आहेत. आणि येथे आणखी एक बारीक कलम आहे, ज्याने पुष्कळांना चकित केले आहे. समजा आजारपण पॉलिसी संपण्याच्या आठवडाभर आधी आले. मुलाने घाईत नूतनीकरणाचा प्रीमियम भरला, नवीन कागद आला, त्यावर वाढलेला बोनस छापून आला. मग सवडीने गेल्या वर्षातल्या त्या आजारपणाचा दावा कंपनीला कळवला. अशा वेळी दिलेला बोनस कंपनी मागे घेते. कागदावर ३० टक्के छापलेले असतात आणि महिन्याभराने दुरुस्तीचे पत्र येते. घरातल्यांना वाटते की फसवणूक झाली. वस्तुतः बोनस दाव्याविना गेलेल्या वर्षासाठी होता आणि ते वर्ष दाव्याविना गेलेच नव्हते. आपल्या पॉलिसीचे नूतनीकरण जवळ आले असेल तर नव्या कागदावरच्या आकड्यावर लगेच विसंबू नये, म्हणून हे सांगितले.

दावा करायचा नाही असे ठरवले, तरी एक काम उरते. फोनवरून दिलेल्या सूचनेची नोंद कंपनीकडे झालेली आहे. अटींमध्ये दावा 'कळवला गेला नसल्यास' अशा अर्थाचे शब्द आहेत, 'पैसे दिले गेले नसल्यास' असे नाहीत. तेव्हा दावा करणार नसल्याचे लेखी कळवून ती नोंद बंद करून घ्यावी आणि तशी पोच मागावी. तसेच दावा केला नाही म्हणजे आजार झालाच नाही, असेही होत नाही. उद्या विमा रक्कम वाढवताना किंवा कंपनी बदलताना अर्जात आजारपणांची चौकशी असते. तेथे सासूबाईंचे दाखल होणे लिहावेच लागेल.

एका पॉलिसीत चार माणसे असल्याचा परिणामही समजून घ्यायला हवा. फ्लोटरमध्ये विमा रक्कम सर्वांची सामायिक आणि बोनसही सामायिक. कोणा एकाचा दावा झाला की सर्वांचा बोनस उतरतो. सासूबाईंच्या डेंग्यूने अकरा वर्षांच्या नातवाच्या वाट्याचेही संरक्षण कमी होते. याउलट प्रत्येकाची विमा रक्कम स्वतंत्र असेल तर बोनसही प्रत्येकाचा स्वतंत्र राहतो, आणि ज्याचा दावा त्याचाच उतरतो. ज्या घरात एक व्यक्ती वरचेवर आजारी असते, तेथे तिची पॉलिसी वेगळी ठेवावी, असा सल्ला जाणकार देतात, त्यामागे प्रीमियमच्या जोडीला हेही कारण आहे. मात्र वेगळे असलेले एकत्र करताना जपावे. समजा पतीचा स्वतंत्र बोनस २५ टक्के आहे आणि मध्यंतरी शस्त्रक्रिया झाल्यामुळे पत्नीचा १० टक्के. दोघांनी मिळून फ्लोटर घेतली, तर पुढे जाणारा बोनस १० टक्के असेल. सर्वांत कमी असलेलाच धरला जातो, सरासरी काढली जात नाही.

बोनस दाव्याशिवायही कमी होतो, हे फार थोड्यांना माहीत असते. माझ्या एका निवृत्त स्नेह्यांची गोष्ट सांगतो. त्यांची पॉलिसी जुनी आणि वेगळी होती, पण बोनसच्या अटी अशाच होत्या. मूळ रक्कम ५ लाख आणि वर्षानुवर्षे निरोगी राहिल्यामुळे बोनस अडीच लाखांचा. निवृत्तीनंतर प्रीमियम जड वाटू लागला. त्यांनी हिशेब केला, की मूळ रक्कम ३ लाखांवर आणली तर प्रीमियम वाचेल आणि अडीच लाखांचा बोनस आहेच, म्हणजे साडेपाच लाख राहतील. नवीन कागद आला तेव्हा त्यावर ३ लाख आणि दीड लाख असे आकडे होते. विमा रक्कम कमी केली की बोनसही त्याच प्रमाणात कमी होतो. अडीच लाख हे ५ लाखांचे ५० टक्के होते, आता ३ लाखांचे ५० टक्के उरले. साडेसात लाखांचे साडेचार झाले. त्यांना ते परत वाढवायचे होते, तेव्हा कंपनीने वैद्यकीय तपासणी मागितली आणि वाढीव रकमेपुरता प्रतीक्षा कालावधी नव्याने लागू झाला. फोन करून आधी विचारले असते तर एवढे झाले नसते, असे ते आजही म्हणतात.

उलट दिशेचा नियम सौम्य आहे. विमा रक्कम वाढवली तर जमलेला बोनस जात नाही, पण त्या नूतनीकरणाचा बोनस संपलेल्या वर्षाच्या जुन्या रकमेवर मोजला जातो. सांगलीच्या कुटुंबाने पुढच्या वर्षी ४ लाखांचे ६ लाख केले, तर बोनसची टक्केवारी त्या खेपेला ४ लाखांवरच लागेल.

नूतनीकरण चुकणे हे बोनस समूळ जाण्याचे सर्वांत साधे आणि सर्वांत दुःखद कारण आहे. वार्षिक प्रीमियमसाठी मुदत संपल्यावर ३० दिवसांची सवलत असते. तेवढ्यात पैसे भरले तर बोनस टिकतो. पण वर्षाचा प्रीमियम एकरकमी भरणाऱ्यांना त्या मधल्या दिवसांत आजारपण आले तर संरक्षण मिळत नाही, हेही ध्यानात ठेवावे. तीस दिवस उलटले की साखळी तुटते, आणि मग २५ टक्के काय किंवा ५० टक्के काय, सगळे पुसले जाते. त्या अर्थाने शेजाऱ्यांचे 'सगळा जाईल' हे वाक्य खरे ठरते ते दाव्यामुळे नव्हे, तर विसरलेल्या तारखेमुळे.

कंपनी बदलतानाही बोनसचे रूप पालटते. पोर्टिंग करताना नव्या कंपनीकडे जुनी विमा रक्कम आणि तिच्यावरचा बोनस मिळून होणारी रक्कम मागता येते आणि तेवढ्या रकमेपर्यंत पूर्वीच्या प्रतीक्षा कालावधीचे श्रेय मिळते. पण नवी कंपनी त्या पूर्ण रकमेचा प्रीमियम आकारते. जुन्या घरी ५ लाखांचे संरक्षण ४ लाखांच्या प्रीमियममध्ये मिळत होते, नव्या घरी ५ लाखांचाच प्रीमियम भरावा लागेल, आणि नव्या घरचा बोनस सहसा पहिल्या पायरीपासून मोजायला लागेल. दोन कंपन्यांच्या प्रीमियमची तुलना करताना ४ लाखांची ४ लाखांशी करू नये. आपल्याकडे आज असलेल्या एकूण रकमेशी करावी.

आणखी एक मर्यादा, जी रुग्णालयाच्या खिडकीपाशी उभे राहिल्यावरच कळते. बोनसमुळे एकूण रक्कम वाढते, पण आतल्या उपमर्यादा वाढत नाहीत. आरोग्य संजीवनीत खोलीचे भाडे दिवसाला विमा रकमेच्या २ टक्क्यांपर्यंत आणि जास्तीत जास्त ५,००० रुपये मिळते. ज्यांची मूळ विमा रक्कम २ लाख आहे, त्यांची खोलीची मर्यादा ४,००० रुपये. बोनस साठून एकूण संरक्षण अडीच लाख झाले, तरी ती ४,०००च राहते. ५,००० ची खोली घेतली तर केवळ वरचे हजार आपल्याला पडतात असेही नाही. इतर संबंधित खर्चही त्याच प्रमाणात कापले जातात. मोतीबिंदूसारख्या उपचाराची मर्यादाही मूळ रकमेशीच बांधलेली असते.

आरोग्य संजीवनी नसलेल्या वाचकांनी यातली तत्त्वे घ्यावीत, आकडे नव्हेत. इतर पॉलिसींत वर्षाला १०, २० किंवा ५० टक्के बोनस देणाऱ्या आहेत, दाव्यानंतरही बोनस न उतरवणाऱ्या आहेत, आणि थोडा जादा प्रीमियम घेऊन त्याला कवच देणाऱ्याही आहेत. जादा प्रीमियम घेऊन मिळणाऱ्या कवचाला मात्र मी 'प्रीमियम न वाढता' म्हणणार नाही. शिवाय मे २०२४ मध्ये नियामकाने काढलेल्या परिपत्रकानुसार दावा नसलेल्या वर्षाबद्दल विमा रकमेत वाढ किंवा प्रीमियममध्ये सूट, यांतले एक निवडण्याचा पर्याय कंपन्या देऊ शकतात. तसा पर्याय समोर आला तर मूळ विमा रक्कम तोकडी असलेल्यांनी वाढ घ्यावी, असे मला वाटते. ज्यांची विमा रक्कम पुरेशी आहे आणि वयामुळे प्रीमियमच डोईजड झाला आहे, त्यांना सूट अधिक उपयोगी पडेल.

भगिनींच्या पत्रात शेवटी एक ओळ होती, की यजमानांच्या कार्यालयाचाही गट विमा आहे आणि त्यात आईचे नाव आहे की नाही ते पाहिलेले नाही. हे आधी पाहायला हवे होते! दोन पॉलिसी असतील तर दावा कोणत्या पॉलिसीतून करायचा हे ग्राहक ठरवू शकतो. गट विम्यातून केलेल्या दाव्याने घरच्या पॉलिसीचा बोनस उतरत नाही, कारण ते दोन वेगळे करार आहेत. तेव्हा आजच कार्यालयाच्या मनुष्यबळ विभागाला विचारावे. आईचे नाव असेल तर तेथील मुदत तपासून डेंग्यूचे कागद तेथे द्यावेत आणि घरच्या कंपनीकडची सूचना लेखी मागे घ्यावी. नाव नसेल तर दावा घरच्याच पॉलिसीतून करावा. डिस्चार्ज कार्ड, तपासण्यांचे अहवाल, औषधांच्या पावत्या, मूळ देयक आणि पैसे भरल्याची पावती या सर्वांच्या छायाप्रती स्वतःजवळ ठेवून मूळ कागद पाठवावेत. अठरा दिवस शिल्लक आहेत. नूतनीकरणाचा कागद येईल तेव्हा त्यावर संचयी बोनसच्या रकान्यात ८० हजार लिहिलेले असायला हवेत. शून्य लिहिलेले दिसले, तर ती कंपनीची चूक आहे, आणि त्यासाठी तक्रार कोठे व कशी करायची ते पुढील अंकात पाहू.